पेटी उघडायच्या आधीच भांडण होतं तेव्हा : पालकांना एक पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी चौघींनी मला वर्गाच्या दारात थांबवलं आणि जवळजवळ एकच तक्रार सांगितली. "बाई, तुमच्यासमोर नीट वाजवते की, पण घरी पेटीजवळ बसतच नाही. रोज सांगायचं, रोज भांडण." एका आजोबांनी तर विचारलं, "पोराला आवड नाही म्हणायची काय?" सगळ्यांना सविस्तर उत्तर द्यायला तेव्हा वेळ नव्हता. दुसरा वर्ग खोळंबला होता. म्हणून हे पत्र. ते सात ते नऊ वर्षांच्या, पेटी शिकायला लागून वर्ष झालेल्या किंवा त्याहून नवीन असलेल्या मुलांच्या घरांसाठी आहे.

आधी माझी चूक सांगते. मुलांच्या वहीत मी कितीतरी वर्षं "रोज अर्धा तास रियाज" असं लिहून देत आले. आठ वर्षांच्या मुलीला अर्धा तास म्हणजे किती हे कळत नाही, आणि त्या वेळात नेमकं काय करायचं हे तर त्या ओळीत नव्हतंच. मग ती पेटीसमोर बसते, सा पासून सां पर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते आणि घड्याळाकडे बघते. चार मिनिटं झालेली असतात. असं काम कुणीही टाळेल. तुम्ही घरी जे सहन करता आहात त्यातलं निम्मं माझ्या त्या ओळीमुळे आहे, म्हणून ती ओळ मी आता वहीत लिहीत नाही.

उरलेलं निम्मं हाकेमुळे होतं. तुम्ही स्वयंपाकघरातून पहिली हाक मारता, "बसलीस काय गं?" उत्तर येत नाही. दुसरी हाक थोडी मोठी. तिसरीला आवाज चढतो, आणि तिसरीलाच पोर उठतं. दोन-तीन आठवडे असं झालं की मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की रियाजाची वेळ म्हणजे तिसरी हाक. पहिल्या दोन हाका त्याला ऐकू येतात, पण त्या त्याच्या लेखी मोजायच्या नसतात. यात लबाडी नाही. शाळेच्या पहिल्या घंटेला आपण मैदानावरच असतो आणि दुसरीला पळतो, तसंच हे. म्हणून हाक गोड करून उपयोग नाही. हाकेच्या जागी दुसरी कसलीतरी खूण आणायला हवी.

हे एका घरात कसं जमलं ते सांगते, कारण त्यात बहुतेक अडचणी आल्या. वडगावातलं घर, शेजारी यंत्रमाग. आई घरीच शिवणकाम करते, वडील उद्यमबागेत फाउंड्रीत पाळीवर. मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमात, संध्याकाळी ट्यूशन. पेटी होती, पण खोक्यात घालून कपाटावर ठेवलेली, कारण खोली लहान. म्हणजे रोज वडिलांनी ती खाली काढायची, आणि वडील दुसऱ्या पाळीला असले की त्या दिवशी पेटीच नाही. आईला वाटत होतं मुलगी टाळाटाळ करते. खरं तर तिला सुरुवात स्वतःच्या हातानं करताच येत नव्हती.

म्हणून पहिलं काम पेटी खाली आणण्याचं. पलंगाच्या पायथ्याशी एक पाट टाकून पेटी कायमची तिथं ठेवली, वर फक्त सुती कापड. आता कापड काढलं की पेटी तयार. बसायला घडी घातलेली चादर, कारण मूल जमिनीवर मांडी घालून बसलं की कोपर पट्ट्यांच्या खाली जातं, मनगट वर वळतं आणि दहाव्या मिनिटाला हात दुखायला लागतो. हात दुखतो असं लहान मूल सांगत नाही, ते "कंटाळा आला" म्हणतं. कोपर आणि पट्ट्या एका रेषेत येईपर्यंत चादरीच्या घड्या वाढवा.

मग वेळ. संध्याकाळी शेजारचा माग सुरू असतो, ट्यूशनहून आलेली मुलगी दमलेली असते. सकाळी दूध पिऊन झालं की गणवेश घालायच्या आधी, साधारण सव्वासातला, घर शांत असतं. माग आठनंतर सुरू होतो. तेव्हा ठरलं ते असं : दुधाचा पेला मोरीत ठेवला की कापड काढायचं. "सव्वासात वाजता" असं ठरवलं नाही, कारण मग कुणीतरी घड्याळ बघून हाक मारणार. पेला ठेवणं तिच्याच हातात आहे आणि ते रोज होतंच. पहिले दोन आठवडे आईनं तिच्याशेजारी बसायचं, भाजी निवडायची, बोलायचं नाही. लहान मुलाला एकट्यानं बसायला लावणं ही शिक्षा वाटते. शेजारी कुणी गप्प बसलं तर ते काम वाटतं.

आता मधला आणि सर्वात महत्त्वाचा भाग : ती वाजवणार काय?

तिचा अडलेला धडा साधा सरळ आरोह-अवरोह होता. पांढरी एक सा धरून सा रे ग म प ध नि सां आणि उलट. बोटं अशी : सा ला अंगठा, रे ला तर्जनी, ग ला मधलं बोट, आणि मग म वर पुन्हा अंगठा, मधल्या बोटाखालून सरकवून. पुढे प तर्जनी, ध मधलं बोट, नि अनामिका, सां करंगळी. येताना म वर अंगठा असतो आणि ग साठी मधलं बोट त्याच्या वरून जातं. आरोहात ग ते म आणि अवरोहात म ते ग, एवढीच दोन वळणं अवघड. बाकीचे स्वर कोणतंही मूल पहिल्या आठवड्यात वाजवतं.

पण ती काय करायची? सा पासून निघायची, म ला अडायची, "अं" म्हणायची आणि पुन्हा सा पासून. दहा मिनिटांत सा रे ग वीसदा झालं, कारण ते तिला येतच होतं, आणि ग ते म चुकीच्या बोटानं वीसदा झालं. म्हणजे रोज दहा मिनिटं ती चूक पाठ करत होती. आई स्वयंपाकघरातून "पुन्हा वाजव" म्हणाली की आणखी पाचदा. रियाज वाढला की चूक पक्की, असं त्या घरात चाललं होतं.

म्हणून मी वहीत धडा बदलून लिहिला. सा पासून सुरू करायचंच नाही. फक्त चार स्वर : रे ग म प. मग उलटे चार : प म ग रे. लय भिंतीवरच्या घड्याळाची, एका टकेला एक स्वर. चार स्वर वाजवले की चार टका हात उचलून धरायचा. म्हणजे एका खेपेला आठ सेकंद. जाताना पाच खेपा, येताना पाच, मिळून ऐंशी सेकंद. मोजायला शेजारी दोन वाट्या आणि दहा चिंचोके. एक खेप झाली की एक चिंचोका पलीकडे. वाटी रिकामी झाली की तो भाग संपला.

चिंचोक्यांचं महत्त्व माझ्याही उशिरा लक्षात आलं. "नीट होईपर्यंत वाजव" या आज्ञेला शेवट नसतो, आणि तो शेवट कधी आला हे ठरवणारी आई असते. भांडण तिथं सुरू होतं. दहा चिंचोक्यांना शेवट आहे, तो डोळ्यांना दिसतो आणि मुलीच्या हातात असतो. खेप चुकली तरी चिंचोका सरकवायचा. अट फक्त लयीची : घड्याळाच्या पुढे पळायचं नाही. बरोबर खेपेलाच चिंचोका अशी अट ठेवली तर तिसऱ्या चुकीला डोळ्यांत पाणी येतं. सलग तीन खेपा अडल्या तर तुकडा आणखी लहान करायचा, नुसतं ग म. त्याहून लहान तुकडा नाही, आणि तिथंही अंगठा अडखळत असेल तर वर्गात माझ्याकडे आणा, घरी रेटू नका.

सगळी बैठक मिळून अशी : आधी नुसता सा, घड्याळाच्या सोळा टका, तीनदा. मग दहा चिंचोके. मग पूर्ण आरोह-अवरोह. जाताना आठ, येताना आठ, मिळून सोळा स्वर, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन, तेही तीनदाच. आणि शेवटी तिला आवडेल ते काहीही, ऐकलेलं गाणं बोटानं शोधत बसली तरी चालेल, तिथं कुणी बोट घालायचं नाही. पहिल्या आठवड्यात हे सगळं आठ-नऊ मिनिटांत आटपलं. आईनं फोन केला, "बाई, एवढंच? मग तीनशे रुपयाचं पुस्तक कशाला घेतलं?" मी म्हटलं, पुस्तक राहू दे, तीन आठवडे थांबा.

तिसऱ्या दिवशी पहिली अडचण आली. मुलगी चिंचोके संपवायच्या मागे लागली आणि घड्याळ सोडून पळायला लागली. आई बोलणार तेवढ्यात तिला आठवलं की बोलायचं नाही, म्हणून तिनं एकच केलं : भाजी निवडता निवडता घड्याळाबरोबर मांडीवर हळू थाप द्यायला लागली. मुलगी आपोआप मागे आली. थाप ही दुरुस्ती आहे हे त्या वयात कळत नाही, ती सोबत वाटते. तुमच्या घड्याळाला टकटक नसेल तर अशीच थाप सेकंदाला एक द्या.

दुसरी अडचण घरातल्याच प्रेमाची. दुसऱ्या आठवड्यात आजोबा राहायला आले. त्यांना संगीताची मनापासून ओढ. बेळगाव पेटीचं गाव, रामभाऊ विजापुरे यांनी इथं शिष्य घडवले, हे ते अभिमानानं सांगतात आणि तो अभिमान योग्य आहे. पण नातीला ते म्हणाले, "आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व तुझ्याएवढे असताना मैफली गाजवत होते." दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला मोरीत गेला, पण कापड निघालं नाही. मी आजोबांना एक काम दिलं : नातीनं त्यांना शिकवायचं. आजोबांनी विचारायचं, "अंगठा कुठून जातो गं? मला दाखव की." तिनं त्यांची बोटं धरून दाखवलं, आणि दाखवताना तिच्या स्वतःच्या लक्षात आलं की ती अंगठा खाली सरकवायच्या ऐवजी अख्खा हात उचलते. मी वर्गात हे दोनदा सांगितलं होतं. शिकवताना ते तिला पहिल्यांदा दिसलं.

तिसऱ्या आठवड्यात ग ते म जायला लागलं, आठपैकी सहा-सात वेळा. मग तुकडा वाढवून सा रे ग म प ध केला आणि चिंचोके तेच दहा ठेवले. मात्र एक गोष्ट राहिली : म जवळ आला की सूर मावळायचा. बोट बरोबर पट्टीवर, पण आवाज खाली बसायचा आणि मग एकदम मोठा यायचा.

हा आवाज तुम्हाला स्वयंपाकघरातून ओळखता येईल, म्हणून नीट सांगते. सूर मधेच मावळला तर डावा हात थांबला असं समजा. उजव्या हाताला अवघड वाटलं की मूल सगळं लक्ष तिकडं देतं आणि भाता विसरतं. हे पट्ट्यांचं दुखणं नाही, तिथं "चुकलं, पुन्हा" म्हणून काही होणार नाही. लय अजून कमी करा, एका स्वराला दोन टका. आणि बैठकीच्या सुरुवातीचा जो सोळा टकांचा सा आहे तो त्याचसाठी आहे : पट्टी एकच, लक्ष सगळं भात्यावर. भाता दणका देऊन उघडायचा-मिटायचा नाही, लहान लहान हलवायचा, सूर जाडा-बारीक न होता सरळ रेषेत राहिला पाहिजे. उलट, सोपा भाग भरभर आणि अवघड भाग सावकाश असा आवाज आला तर भाता ठीक आहे, लय पकडलेली नाही, म्हणजे मांडीवरची थाप. आणि तेच सा रे ग परत परत ऐकू आलं, पुढे काहीच नाही, तर मूल तुकडा सोडून सुरुवातीला पळतंय. तेव्हाही ओरडायचं नाही. बैठक संपल्यावर वहीतला तुकडा तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या.

या मुलीच्या बाबतीत मात्र सुरुवातीचा सा सुद्धा टिकत नव्हता. सोळा टकांपैकी दहाव्या-अकराव्याला सूर बसायचा. आईनं पेटीच वर्गात आणली. जून संपत आला होता, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि पेटी भिंतीला टेकून ठेवलेली. भिंतीला ओल होती. दोन पट्ट्या फुगून शेजारच्या पट्टीला घासत होत्या, आणि भात्याच्या घडीतून हवा जात होती. म्हणजे पोरीला दुप्पट भाता मारावा लागत होता आणि आपण तिला "डावा हात चालव" म्हणत होतो. मी स्वतः हे आधी तपासायला हवं होतं.

तुम्ही घरी दोन मिनिटांत तपासू शकता. पुढचे स्टॉपर उघडे ठेवा, पण पट्टी न दाबता एकच सूर धरणारे स्टॉपर असतील तर ते बंद करा, एकही पट्टी दाबू नका आणि भाता तीन-चारदा मारा. काही न दाबता एखादा सूर वाजला तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही. सूर नाही, पण भाता भरतच नाही किंवा लगेच सैल पडतो, तर हवा कुठूनतरी गळते. मग प्रत्येक पट्टी हळू दाबून सोडा. जी आपली आपण वर येत नाही तिच्यावर खडूनं खूण करा. तेल घालू नका, पट्टी घासू नका, उन्हात ठेवू नका. लाकूड तडकतं, सूर उतरतात. पेटी भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, आणि दुरुस्ती पेटीवाल्याकडूनच करून घ्या. त्या आठवड्यात तिला वर्गातली जुनी पेटी घरी दिली. पहिल्याच दिवशी सा सोळा टका टिकला.

बक्षिसाबद्दल तिघांनी विचारलं होतं. एका घरात आठवडाभर बसला तर रविवारी कुंदा, असं ठरलं होतं. कुंदा द्या की, बेळगावात राहून मुलांना कुंदा द्यायचा नाही तर कुणाला? पण रियाजाशी बांधू नका. त्या घरात चौथ्या आठवड्यात मुलगा विचारायला लागला की दोन दिवस जास्त बसलो तर पाव किलो की अर्धा. तेव्हापासून कुंदा नसेल त्या आठवड्यात तो बसत नाही, आणि ते सोडवायला आम्हाला महिना गेला. शाबासकी द्यायची असेल तर नेमकी द्या. "छान वाजवलंस" याचं मूल काही करू शकत नाही. "आज म ला आवाज बसला नाही" हे त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतं.

बैठक चुकली तर? ताप, लग्न, गणपती, यात्रा, चुकणारच. दुसऱ्या दिवशी दुप्पट बसवू नका. मुलांना भरपाई दंडासारखी वाटते आणि मग तिसरा दिवसही जातो. ठरलेले दहा चिंचोके, बस. आठवड्यात पाच दिवस झाले तरी माझ्या हिशेबात तो आठवडा पूर्ण आहे. प्रारंभिक परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या पालकांना हे कमी वाटेल. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत मी संध्याकाळची दुसरी छोटी बैठक सांगते, सकाळची वाढवत नाही. या वयात लक्ष दहा-बारा मिनिटांनंतर उतरतं आणि पुढची बोटं नुसतीच पट्ट्यांवर पडतात.

हे सगळं करूनही सहा आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा मूल माझ्या वर्गातही गप्प, रडवेलं राहतं, किंवा मनगट दुखतं म्हणून हात झटकतं, तर चिंचोके वाढवू नका, कमीही करू नका. आधी मला भेटा. एका मुलीला पेटी नको होती, तबला हवा होता, हे आम्हाला सगळ्यांना वर्षभरानं कळलं.

ती वडगावची मुलगी आता रे ग म प सोडून पुढे गेली आहे. भूप सुरू केला : सा रे ग प ध. त्यात म नाही, म्हणून अंगठा ग नंतर थेट प वर जातो, जुन्या वळणापेक्षा एक पट्टी लांब. पहिल्या दिवशी ती अडली, आणि मी काही म्हणायच्या आत तिनं विचारलं, "टीचर, याचा तुकडा ग प एवढाच करू काय?"

पुढच्या गुरुवारी येताना वही आणा, मुलाच्या हस्ताक्षरात दोनच ओळी : या आठवड्याचा तुकडा कोणता, आणि तो कुठं अडतो. तुम्ही लिहून देऊ नका. स्पेलिंग चुकलं, मराठीत कानडी अक्षर घुसलं तरी चालेल. आणि घरी ज्यांच्या पेटीचा भाता सैल आहे त्यांनी शनिवारी सकाळी पेटी घेऊन या. पेटीवाले त्या दिवशी वर्गावर येणार आहेत.

तुमची,
पेटीच्या वर्गाच्या बाई